मसावि-लसाविचा पडताळा: गुणाकार जुळला तरी उत्तर चुकतं कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी संध्याकाळी लेकरांचं गणित घेतो. मसावि-लसावि आलं की दरवर्षी तेच प्रश्न येतात. कधी लेकरं विचारतात, कधी त्यांना घरी शिकवणारी मोठी बहीण, तर कधी भरतीची तयारी करणारा एखादा भाऊ. त्यातले पडताळ्याबद्दलचे प्रश्न इथं एकत्र केलेत. मसावि आणि लसावि काढायचा कसा हे तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे. काढलेलं उत्तर बरोबर आहे का, एवढंच इथं बघायचं आहे.

पडताळ्याचा नियम नेमका काय?

दोन संख्यांचा मसावि आणि लसावि यांचा गुणाकार हा त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतकाच असतो. ८४ आणि १२० घ्या.

८४ = २ × २ × ३ × ७
१२० = २ × २ × २ × ३ × ५

दोन्हीकडे आहेत ते दोन २ आणि एक ३. म्हणून मसावि १२. लसाविसाठी २ जास्तीत जास्त तीनदा, ३ एकदा, ५ एकदा आणि ७ एकदा घ्यायचा. म्हणून लसावि ८४०. आता १२ × ८४० = १००८० आणि ८४ × १२० = १००८०. जुळलं.

पण हे जुळतंच का?

हा प्रश्न फार कमी लेकरं विचारतात आणि जी विचारतात ती पुढं सहसा चुकत नाहीत. वरच्या दोन ओळींत फक्त २ कडे बघा. ८४ मध्ये २ दोनदा आहे, १२० मध्ये तीनदा. कमी वेळा आहे तो आकडा (दोन) मसाविकडे जातो, जास्त वेळा आहे तो (तीन) लसाविकडे. दोन आणि तीन मिळून पाच. ८४ × १२० या गुणाकारातही २ पाचदाच येतो. ७ चं बघा: एकीकडे एकदा, दुसरीकडे शून्य वेळा. शून्य मसाविकडे, एक लसाविकडे. बेरीज पुन्हा तेवढीच.

म्हणजे दोन्ही संख्यांचे मिळून जेवढे मूळ अवयव आहेत, ते सगळेच्या सगळे मसावि आणि लसावि या दोघांत वाटले जातात. एकही बाहेर राहत नाही आणि बाहेरून एकही येत नाही. वाटणी कशीही झाली तरी एकूण तेवढंच. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गडबड याच वाक्यात लपलेली आहे.

गुणाकार जुळला. आता उत्तर बरोबरच ना?

नाही. आणि हे पान लिहायचं खरं कारण हेच आहे.

माझ्याकडं सातवीतली एक मुलगी होती, हिशेबाला पक्की. तिला १८२ आणि १५६ यांचा मसावि-लसावि काढायला दिला. तिनं उभी रेघ मारली, १८२ ला २ नं भागलं, खाली ९१ आले. ९१ विषम, म्हणून २ नं जात नाही. अंकांची बेरीज १०, म्हणून ३ नं जात नाही. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ नं जात नाही. तिथं तिनं ९१ भोवती गोल केला आणि मूळ संख्या म्हणून सोडून दिली. दुसरीकडं १५६ चे अवयव अगदी बरोबर पाडले: २ × २ × ३ × १३.

तिच्या वहीत असं होतं:

१८२ = २ × ९१
१५६ = २ × २ × ३ × १३
मसावि = २
लसावि = २ × २ × ३ × १३ × ९१ = १४१९६

मग तिनं शिकवल्याप्रमाणं पडताळा घेतला. २ × १४१९६ = २८३९२. आणि १८२ × १५६ = २८३९२. वही माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "सर, जुळलं की!"

जुळलं होतंच. गुणाकारात कुठंही चूक नव्हती. पण ९१ ही मूळ संख्या नाही, ती ७ × १३ आहे. त्यातला १३ हा १५६ मधल्या १३ चा जोडीदार होता आणि तो ९१ च्या पोटात दडून बसला. खरा मसावि २ × १३ = २६. खरा लसावि २ × २ × ३ × ७ × १३ = १०९२. आणि २६ × १०९२ हेही २८३९२ च येतात.

म्हणजे एकाच जोडीसाठी दोन वेगळी उत्तरं, आणि गुणाकाराच्या पडताळ्यात दोन्ही पास. कारण वर सांगितलं तेच. हा पडताळा अवयवांची एकूण बेरीज मोजतो, वाटणी बघत नाही. जो १३ मसावित जायला हवा होता तो लसावित जाऊन बसला. मोंढ्यात तुरीची दोन पोती एकदम काट्यावर ठेवली, तर एका पोत्यातली पायलीभर तूर दुसऱ्यात गेली हे काट्याला कळत नाही. तसंच हे.

मग हा गुणाकाराचा पडताळा काय कामाचा?

कामाचा आहे, फक्त त्याचं काम वेगळं आहे. एखादा अवयव वाटणीतून सांडला किंवा दोनदा मोजला गेला, तर तो लगेच ओरडतो. शिवाय किती चुकलं तेही सांगतो, आणि हा भाग शाळेत सहसा कोणी दाखवत नाही. जुळलं नाही की लेकरं सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. तसं करू नका. आधी मोठ्या गुणाकाराला लहान गुणाकारानं भागा आणि काय येतं ते बघा.

८४ आणि १२० मध्ये समजा मसावि १२ बरोबर आला, पण लसावि १२० लिहिला. १२ × १२० = १४४०. हवे होते १००८०. १००८० ला १४४० नं भागलं की येतात ७. म्हणजे ७ सांडला. वर जाऊन बघा, ७ फक्त ८४ मध्ये आहे, आणि जो अवयव एकाच संख्येत असतो तो लसावित घ्यायला लेकरं नेहमी विसरतात.

लसावि ४२० आला तर? १२ × ४२० = ५०४०. भागाकार २. म्हणजे एक २ कमी पडला, १२० मधला तिसरा.

आणि उलटं झालं, म्हणजे तुमचा गुणाकारच मोठा आला, तर? एका पोरानं सगळे अवयव सरसकट गुणून लसावि १००८० काढला होता. १२ × १००८० = १२०९६०. याला १००८० नं भागलं की १२ येतात, म्हणजे नेमका मसाविच. याचा अर्थ सामाईक अवयव एकदा घ्यायचे ते त्यानं दोन्हीकडून घेतले. चुकीचा पत्ता असा आकड्यातच लिहिलेला असतो.

भागाकार पूर्ण आलाच नाही, बाकी उरली, तर शक्यतो साध्या गुणाकारात चूक आहे. अवयव मोडत बसू नका, आधी गुणाकार पुन्हा करा.

वाटणी चुकली हे पकडणारा पडताळा कोणता?

तीन ओळींचा आहे. मी लेकरांकडून हाच करून घेतो.

पहिली ओळ: काढलेल्या मसाविनं दोन्ही संख्यांना भागा. बाकी शून्य आली पाहिजे. आलेले दोन भागाकार शेजारी शेजारी लिहा.

दुसरी ओळ: त्या दोन भागाकारांत १ सोडून कोणताही सामाईक विभाजक नसला पाहिजे. म्हणजे ते सहमूळ असले पाहिजेत.

तिसरी ओळ: मसावि × पहिला भागाकार × दुसरा भागाकार केला की लसावि आला पाहिजे.

त्या मुलीच्या उत्तरावर हे लावू. मसावि २. १८२ ÷ २ = ९१, १५६ ÷ २ = ७८. बाकी नाही, पहिली ओळ पास. आता ९१ आणि ७८ सहमूळ आहेत का? इथं ९१ चे अवयव पाडायची गरजच नाही. वजाबाकी करा: ९१ − ७८ = १३. दोन्हींना भागणारी संख्या त्यांच्या फरकालाही भागते, म्हणून काही सामाईक असेलच तर ते १३ किंवा १. ७८ ला १३ नं भाग जातो, सहा वेळा. ९१ लाही जातो, सात वेळा. चोर सापडला. मसावित १३ कमी आहे, म्हणून मसावि २ × १३ = २६.

आता २६ तपासा. १८२ ÷ २६ = ७, १५६ ÷ २६ = ६. सात आणि सहा लागोपाठच्या संख्या, सहमूळच. २६ × ७ × ६ = १०९२. लसावि जुळला. इथं शंकेला जागा उरत नाही.

दुसरी ओळ एवढी महत्त्वाची का, तर मसावि म्हणजे दोघांत जे जे सामाईक आहे ते सगळं काढून घेणं. काढून झाल्यावरही उरलेल्यांत काही सामाईक निघालं, तर आपण पूर्ण काढलंच नव्हतं. आणि मसावि एकदा पक्का झाला की लसावि चुकायला तिसऱ्या ओळीत जागा राहत नाही. ही तिसरी ओळ म्हणजे गुणाकाराचा जुना नियमच आहे, फक्त लहान आकड्यांत. १८२ × १५६ करण्यापेक्षा २६ × ७ × ६ तोंडी होतं.

मसावि खऱ्यापेक्षा मोठा आला तर?

तो पहिल्या ओळीतच अडकतो. ही चूक सहसा घातांकांच्या घोळातून होते. लेकरं "सर्वांत मोठा" हा शब्द ऐकतात आणि मसावित मोठा घातांक घेतात, लसावित लहान. ८४ आणि १२० मध्ये तसं केलं तर मसावि २ × २ × २ × ३ = २४ आणि लसावि २ × २ × ३ × ५ × ७ = ४२० येतो. गुणून बघा: २४ × ४२० = १००८०. हेही जुळतं! इथं पण अवयव सांडला नाही, फक्त एक २ या घरातून त्या घरात गेला.

पण ८४ ला २४ नं भागा. तीन वेळा ७२, बाकी १२. संपलं. तिकडं ४२० ला १२० नं भाग जात नाही, तेही तेच सांगतं. मसावि लहान पडला तर दुसरी ओळ पकडते, मोठा झाला तर पहिली. यातून सुटणारी चूक मला तरी आजवर दिसली नाही, आणि तर्कानं बघितलं तर सुटूही शकत नाही.

मी लसावि "गुणाकार भागिले मसावि" करूनच काढतो. मग पडताळा कसा घेऊ?

त्या नियमानं काढलेल्या लसाविचा त्याच नियमानं पडताळा घेण्यात अर्थ नाही. तुम्ही १८२ × १५६ ला २ नं भागून १४१९६ काढले आणि मग २ नं गुणून २८३९२ आले म्हणून खूश झालात, तर तुम्ही फक्त भागाकार बरोबर केला एवढंच सिद्ध झालं. मसावि चूक असेल तर तो तसाच चूक राहतो. साक्षीदार आणि फिर्यादी एकच माणूस असल्यासारखं ते आहे.

अशा वेळी दोन मार्ग. एक, वरच्या तीन ओळींतली दुसरी ओळ, म्हणजे भागाकार सहमूळ आहेत का ते बघणं. दुसरा, लसावि मूळ अवयवांवरून स्वतंत्रपणे काढणं आणि मग गुणाकार जुळवणं. पण दुसऱ्या मार्गात अवयवच चुकीचे पाडले असतील तर काय होतं ते ९१ नं दाखवलंच आहे. मला पहिला मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

एखादी संख्या मूळ आहे की तसं सोंग घेते, कसं ओळखायचं?

त्रास देणाऱ्या संख्या ठरलेल्या आहेत. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३. पहिल्या तिघांना ३ नं भाग जातो, अंकांची बेरीज केली की लगेच कळतं, पण ५१ आणि ५७ दिसायला इतके मूळ दिसतात की मोठी माणसंही फसतात. ९१, ११९ आणि १३३ यांना ७ नं भाग जातो: ७ × १३, ७ × १७, ७ × १९. १४३ म्हणजे ११ × १३. घोळ बहुतेक ७ पाशी होतो. २, ३ आणि ५ च्या कसोट्या तोंडपाठ असतात, ७ ला तशी सोपी कसोटी नाही, म्हणून लेकरं ७ नं भागून बघतच नाहीत.

कुठपर्यंत भागून बघायचं याला मात्र सोपी हद्द आहे. ज्या मूळ संख्येचा वर्ग तुमच्या संख्येपेक्षा मोठा होतो, तिथं थांबा. ९१ साठी ११ × ११ = १२१ मोठे होतात, म्हणून २, ३, ५, ७ एवढ्यांनीच भागून बघायचं. १४३ साठी ११ पर्यंत जावं लागतं, कारण १३ × १३ = १६९. या हद्दीपर्यंत कुणीच भागलं नाही, तर संख्या मूळ. त्यापलीकडं तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं, कारण मोठा अवयव असता तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता.

संख्या इतक्या मोठ्या की अवयवच पडत नाहीत. मग?

मग अवयवांच्या मागं लागू नका. ११४७ आणि १२७१ घ्या. २, ३, ५, ७, ११, १३ सगळं करून बघितलं तरी काही हाती लागत नाही आणि माणूस वैतागून "मसावि १" लिहून मोकळा होतो. त्याऐवजी वजाबाकी करा. १२७१ − ११४७ = १२४. मसाविला १२४ ला भागावंच लागेल. १२४ = २ × २ × ३१. दोन्ही संख्या विषम आहेत, म्हणून २ चा प्रश्न नाही. उरले ३१ किंवा १. ११४७ ÷ ३१ = ३७ आणि १२७१ ÷ ३१ = ४१. दोन्हीकडं पूर्ण भाग, आणि ३७, ४१ या वेगवेगळ्या मूळ संख्या, म्हणून सहमूळ. मसावि ३१, लसावि ३१ × ३७ × ४१ = ४७०२७.

वजाबाकीचं हे सूत्र नवं नाही. पुस्तकातली मसाविची भागाकार पद्धत, जिच्यात बाकीनं पुन्हा भाजकाला भागत जातो, ती याच कल्पनेवर उभी आहे आणि युक्लिडच्या नावानं ओळखली जाते. मूळ अवयवांनी काढलेलं उत्तर भागाकार पद्धतीनं तपासणं हा उत्तम पडताळा, कारण दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. एकीतली चूक दुसरीत येत नाही.

तीन संख्यांना गुणाकाराचा नियम चालतो का?

चालत नाही, आणि तरी दरवर्षी निम्मा वर्ग तो लावतो. १२, १८ आणि ३० घ्या. मसावि ६, लसावि १८०. ६ × १८० = १०८०. पण १२ × १८ × ३० = ६४८०. उत्तर बरोबर असून पडताळा चुकला.

कारण पुन्हा वाटणीतच आहे. दोन संख्या असतात तेव्हा लहान घातांक मसाविकडं जातो, मोठा लसाविकडं, आणि काही उरत नाही. तीन संख्यांत एक मधला घातांक उरतो, त्याला कुणीच घेत नाही. २ बघा: १२ मध्ये दोनदा, १८ मध्ये एकदा, ३० मध्ये एकदा. लहान एक, मोठा दोन, मधला एक उरला. ३ चंही तसंच, मधला एक उरला. ५ चा मधला घातांक शून्य, तिथं काही उरलं नाही. उरलेले २ × ३ = ६, आणि ६४८० ÷ १०८० बरोबर ६ च येतात. मधलं काहीच उरत नसेल, म्हणजे तिन्ही संख्या एकमेकींशी जोडीजोडीनं सहमूळ असतील, तेव्हाच तीन संख्यांना हा नियम लागू पडतो.

तीन संख्यांचा पडताळा भागाकारांनी घ्या. मसाविनं तिघांना भागा: २, ३, ५. या तिघांना एकदम भागणारी १ शिवाय संख्या नाही, मसावि बरोबर. मग लसाविला तिघांनी भागा: १८० ÷ १२ = १५, १८० ÷ १८ = १०, १८० ÷ ३० = ६. यातही तिघांना एकदम भागणारं काही नाही, लसावि बरोबर. १५ आणि १० ला ५ सामाईक आहे म्हणून घाबरू नका. तिघांत सामाईक नको, एवढीच अट आहे.

दोन संख्यांत काहीच सामाईक नाही. मसावि शून्य लिहू का?

नको. १ हा प्रत्येक संख्येचा विभाजक आहे, म्हणून मसावि १. ३५ आणि ३६ चा मसावि १, लसावि १२६०. शून्य लिहिलं तर गुणाकाराचा पडताळाच शून्य येईल, तेवढ्यावरून चूक कळते.

शाब्दिक उदाहरणात पडताळा जुळला, तरी गुण गेले. का?

कारण पडताळा आकडे तपासतो, प्रश्न नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही हे सांगायला नको. समजा एका गावात दर ६ दिवसांनी पाणी सुटतं आणि दर ७ दिवसांनी आठवडी बाजार भरतो. आज दोन्ही एकाच दिवशी आले. पुन्हा किती दिवसांनी एकत्र येतील? मसावि १, लसावि ४२, गुणाकार ४२, पडताळा एकदम छान. आणि उत्तर लिहिलं "१ दिवसानं". उद्या बाजार नाही हे त्या लेकराला चांगलं माहीत असतं, पण वहीत तो ते विसरतो.

उत्तर परिस्थितीत ठेवून बघा. लसावि विचारला असेल तर उत्तर दोन्ही संख्यांहून लहान असू शकत नाही. मसावि विचारला असेल तर ते लहान संख्येहून मोठं असू शकत नाही. १८२ किलो सोयाबीन आणि १५६ किलो तूर सारख्याच वजनाच्या पिशव्यांत, काही न उरवता, जास्तीत जास्त मोठ्या पिशवीत भरायची असेल, तर २६ किलोची पिशवी: सोयाबीनच्या ७, तुरीच्या ६. त्या मुलीचं उत्तर इथं ठेवलं तर २ किलोच्या ९१ पिशव्या सोयाबीनच्या आणि ७८ तुरीच्या होतात. मोंढ्यातला कोणताही हमाल म्हणेल, जरा मोठ्या पिशव्या आणा की.

पेपरातलंच उदाहरण चुकीचं असू शकतं का?

असू शकतं, विशेषतः झेरॉक्सवर फिरणाऱ्या सराव संचांत. "दोन संख्यांचा मसावि १८ आणि लसावि ७६०, तर संख्या काढा" असं दिसलं की थांबा. मसावि दोन्ही संख्यांना भागतो आणि संख्या लसाविला भागतात, म्हणून मसाविनं लसाविला भागलंच पाहिजे. ७६० ला १८ नं भागलं की ४ उरतात. अशा संख्या अस्तित्वातच नाहीत. पण काही वेळा "खालीलपैकी कोणता लसावि शक्य नाही" असा प्रश्न मुद्दाम विचारलेला असतो, तेव्हा हेच उत्तर असतं. प्रश्न नीट वाचा.

"पडताळा घ्या" म्हटलं असेल तर उत्तरपत्रिकेत काय लिहू?

तिथं गुणाकाराचा नियमच अपेक्षित असतो. डावी बाजू म्हणून मसावि × लसावि स्वतंत्र गुणा, उजवी बाजू म्हणून दोन संख्यांचा गुणाकार स्वतंत्र करा, आणि मग दोन्ही समान आहेत असं लिहा. एका बाजूवरून दुसरी उतरवू नका. तीन ओळींचा पडताळा कच्च्या कामाच्या कोपऱ्यात आधी करून घ्या. १८२ आणि १५६ साठी तिथं एवढंच दिसायला हवं: २६; ७, ६; २६ × ४२ = १०९२.